हात मोकळे, पाय बांधलेले

कार्यक्रम दोन तृतीयांश संपलेला असतो. एका गाण्याच्या मध्यात गिटारवाला आणि बेसवाला एक जोरकस शेवटचा ठोका देतात, वाद्यं खाली ठेवतात आणि विंगेत निघून जातात. गायक पाणी प्यायला जातो. सगळा प्रकाश मागच्या चौथऱ्यावर बसलेल्या ड्रमरवर येतो. पुढची पाच, दहा, क्वचित वीस मिनिटं मंच त्याचा एकट्याचा. याच क्षणी गर्दीचे दोन भाग पडतात. काही जण हात उंचावून पुढे सरकतात आणि काही जण बाहेर पडायला लागतात, परत येतात तेव्हा पुढचं गाणं सुरू झालेलं असतं.

हे दोन गट आवडीनिवडीने पडतात असं मला वाटत नाही. निदान पूर्णपणे नाही. उत्तम ड्रम सोलो सुरू असताना बाहेर निघालेली माणसं दारापाशी थबकतात, आणि वाईट सोलोत ड्रमर मित्रसुद्धा घड्याळ बघतात. फरक हाताच्या वेगाचा नसतो. ऐकणाऱ्याला पुढची सम कुठे येणार आहे ते कळतंय की नाही, बहुतेक सगळं त्यावर ठरतं.

गाण्यात आपल्याला धरून ठेवायला चाल असते, शब्द असतात, खालून बेस चालू असतो. ड्रमर कितीही गुंतागुंतीची फिल, म्हणजे ओळींमधली जागा भरणारा तुकडा, वाजवो, आपण हरवत नाही, कारण बाकीचे लोक आपल्यासाठी मात्रा मोजत असतात. सोलोत हे सगळं एकदम काढून घेतलं जातं. उरतात आघात. त्या आघातांमागे ऐकणाऱ्याला एकसारखी लय सापडली, तर त्याचा पाय हलत राहतो आणि प्रत्येक चकवा त्याला चकवा म्हणून कळतो. लय सापडली नाही, तर कितीही अवघड वादन त्याच्या कानाला सामान पडल्यासारखं ऐकू येतं. तबल्याच्या एकल वादनात हा प्रश्न लेहऱ्याने सोडवलेला आहे. पेटी किंवा सारंगी आवर्तन धरून बसते म्हणून तबलजी निर्धास्तपणे लांब जाऊन समेवर येऊ शकतो. रॉकच्या मंचावर लेहरा धरणारे सगळे विंगेत गेलेले असतात. म्हणून ड्रमरला लेहरासुद्धा स्वतःच धरावा लागतो, आणि तो तो पायांनी धरतो.

याला ड्रमर ऑस्टिनाटो म्हणतात. छोटी, न बदलणारी आकृती, जी पाय सतत वाजवत राहतात आणि जिच्यावर हात मोकळे फिरतात. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण रॉकमधलं नाहीच. जॅझ ड्रमर मॅक्स रोचने 1966 साली ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ ही फक्त ड्रमसेटवरची रचना ध्वनिमुद्रित केली. तीन मात्रांचा ठेका, पहिल्या मात्रेवर पायाने वाजणारा मोठा बेस ड्रम, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर पायाने मिटलेला हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेच. त्यावर हात छोटी वाक्यं बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात. हात थांबले तरी वाद्य थांबत नाही, त्यामुळे शांततासुद्धा मोजलेली वाटते. रश या रॉक बँडचा ड्रमर नील पर्ट याने हीच कल्पना आपल्या सोलोत आणली. खाली तीन मात्रांचा वॉल्ट्झ पायांत अखंड चालू आणि वर हात भलत्याच हिशोबाने फिरताहेत, हा त्याच्या सोलोतला वर्षानुवर्षं टिकलेला भाग.

अगदी सोलो न आवडणाऱ्या ड्रमरनेही हेच केलेलं दिसतं. रिंगो स्टारला ड्रम सोलोची आवड नव्हती. बीटल्सबरोबर त्याने एकच सोलो ध्वनिमुद्रित केला, 1969 च्या ‘ॲबी रोड’ या अल्बमवरच्या ‘दि एन्ड’मध्ये, जेमतेम पंधरा सेकंदांचा. तो ऐकताना टॉम या लहान-मोठ्या ड्रमवरच्या हातांकडे लक्ष न देता खाली बेस ड्रमकडे द्या. पाय एकसारखे, सरळ ठोके देत राहतो. म्हणून तो एवढासा सोलो गाण्यातून बाहेर पडत नाही आणि ऐकणारा सोबत म्हणत राहू शकतो.

याच्या उलट टोकाला साठच्या दशकाच्या शेवटी सोलो लांबत गेले. क्रीम या बँडच्या ‘टोड’ची 1966 च्या अल्बमवरची आवृत्ती पाचेक मिनिटांची आहे, 1968 च्या ‘व्हील्स ऑफ फायर’वरची मंचावरची आवृत्ती सुमारे सोळा मिनिटांची, आणि त्यातला बहुतेक वेळ एकट्या ड्रमर जिंजर बेकरचा. बेकरकडे दोन बेस ड्रम होते आणि त्यांच्यावर पायांची आकृती धरून हात फिरवण्याची ताकद होती. त्याच्या मागे आलेल्या अनेकांनी त्याची लांबी घेतली, पाय घेतले नाहीत. सोलोचं नाव खराब झालं ते मुख्यतः तिथे. पुढे 1976-77 च्या सुमारास पंक बँड तीन मिनिटांची गाणी घेऊन आले, तेव्हा लांबलचक सोलो हे त्यांनी टाकून दिलेल्या गोष्टींपैकी एक ठळक लक्षण होतं. तो राग मला समजतो. दहा मिनिटं सम न सापडणं ही ऐकणाऱ्याला खरोखरच शिक्षा आहे.

पायांमुळे नेमकं काय बदलतं हे एका साध्या चकव्यावर पाहता येतं. चार मात्रांचा बार घ्या आणि प्रत्येक मात्रेचे चार समान भाग करा. म्हणजे बारमध्ये सोळा ठोके. आता हात तीन-तीनचे गट करून वाजवतात: पहिला ठोका टॉमवर जोरात, पुढचे दोन स्नेअर या खणखणीत ड्रमवर हलके. तीनचे गट सोळात नीट बसत नाहीत, त्यामुळे जोराचा ठोका दर वेळी मात्रेच्या थोडा पुढे सरकतो. तीन बार झाल्यावर, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांत सोळा गट पूर्ण झाले, की तो पुन्हा बारच्या पहिल्या मात्रेवर येतो. पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट मिटत राहिला, तर ऐकणाऱ्याला ओढाताण जाणवते: काहीतरी सरकतंय, काहीतरी परत येणार आहे. आणि ते आलं की अंगावर काटा येतो. पाय बंद ठेवून तेच तीन बार वाजवले, तर हात अगदी अचूक असूनही श्रोता नवीन, थोडी वेगळी लय सुरू झाली असं समजतो. चकवा कळलाच नाही, तर परत येण्याचा आनंद कुठून येणार?

आता एक सोलो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडून पाहू. चार मिनिटं, मिनिटाला 120 मात्रा. म्हणजे एका सेकंदाला दोन मात्रा, दोन सेकंदांचा एक बार आणि एकूण 120 बार. बहुतेक बँडना चार मिनिटं हा सोलो पुरेसा आहे असं माझं ठाम मत आहे.

पहिले आठ बार ड्रमरने काहीच दाखवायचं नाही. बँड थांबला तरी गाण्याचा ठेका जसाच्या तसा, त्याच लयीत चालू ठेवायचा. नवशिक्याला हे फुकट घालवल्यासारखं वाटतं. दिवा आपल्यावर आला, आणि आपण तेच वाजवायचं? पण या सोळा सेकंदांत गर्दी गाण्याची लय बँडकडून घेऊन ड्रमरच्या हवाली करते. ती एकदा अंगात बसली की पुढचं सगळं तिच्या जोरावर चालतं. जे ड्रमर शेवटच्या ठोक्यानंतर लगेच सगळ्या टॉमवरून धावत सुटतात, ते हा दुवा पहिल्याच सेकंदाला तोडतात. शिवाय आपलं सर्वांत वेगवान वादन त्यांनी तिथेच संपवलेलं असतं. आता उरलेली साडेतीन मिनिटं खाली उतरण्याखेरीज त्यांच्याकडे काही नसतं.

पुढचे सोळा बार एका छोट्या वाक्याचे. तीन-चार आघातांचं, तोंडाने म्हणता येईल असं वाक्य. समजा स्नेअर, वरचा टॉम आणि मग दोन वेळा फ्लोअर टॉम. तीन बार ठेका आणि चौथ्या बारमध्ये हे वाक्य. पुन्हा तीन बार ठेका, पुन्हा वाक्य, शेवट जरा वेगळा. चौथ्यांदा ते येईपर्यंत गर्दी त्याची वाट पाहायला लागते. हे वाक्य सोलोच्या शेवटी पुन्हा लागणार आहे, म्हणून ते लक्षात राहण्याइतकं साधं हवं. आघात जास्त असले तर ते वाक्य राहत नाही, ती नुसती फिल होते.

त्यानंतर बत्तीस बार, म्हणजे मिनिटभराहून थोडं जास्त, पाय बांधून हात सोडायचे. बेस ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्यावर. वरचा तीन-तीनचा चकवा इथेच बसतो. या भागात झांजा जवळजवळ नकोत. झांज एकदा वाजली की तिचा नाद टॉमच्या नादावर पसरतो, आणि शिखराला तिच्यात दम उरत नाही. क्रॅश राखून ठेवणं ही सोलोतली मोठी शिस्त आहे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या ओळखायला सोप्या आहेत: हात अवघड जागी आले की हाय-हॅटचा पाय क्षणभर अडखळतो किंवा हातांच्या मागे ओढला जातो. सरावात याला उपाय एकच, पायांची आकृती चालू ठेवून मोठ्याने मात्रा मोजायच्या आणि वर हातांनी वाजवायचं. मोजणं तुटलं, तर ते वाक्य अजून मंचावर न्यायच्या लायकीचं झालेलं नाही.

मग चोवीस बार शांततेचे. सोलोतला मला सर्वांत प्रिय भाग हाच. स्नेअरच्या खालच्या तारांची कळ सोडायची, म्हणजे स्नेअरचा आवाज कोरडा, टॉमसारखा होतो. काठ्या कडेवर, रिमवर, हळू. हाय-हॅट मात्र चालूच. 1969 च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सवात सँटाना बँडचा ड्रमर मायकेल श्रीव्ह वीस वर्षांचा होता आणि बँडचा पहिला अल्बम अजून बाजारात आलेला नव्हता, म्हणजे समोरच्या अफाट गर्दीतल्या फार थोड्यांना हे लोक ठाऊक असतील. ‘सोल सॅक्रिफाइस’मधल्या त्याच्या सोलोत तो आवाज इतका खाली आणतो की काठ्या स्नेअरवर जेमतेम टेकतात. एवढ्या गर्दीसमोर हळू वाजवायला जोरात वाजवण्यापेक्षा जास्त धीर लागतो. तिथून तो पुन्हा वर चढतो तेव्हा त्या चढण्याला उंची मिळते, कारण खाली खरोखर जागा केलेली असते.

या शांत भागाचा घात बहुतेक वेळा ड्रमरच्या हातून होत नाही, ध्वनियंत्रणेतून होतो. टॉम आणि स्नेअरच्या प्रत्येक मायक्रोफोनवर सहसा गेट बसवलेला असतो. एका ठरावीक पातळीपेक्षा आवाज कमी झाला की गेट तो मायक्रोफोन बंद करतो, म्हणजे शेजारच्या वाद्यांचा आवाज त्यात शिरत नाही. पातळी लावलेली असते पूर्ण बँड जोरात वाजत असतानाची. ड्रमर हळू वाजवायला लागला की गेट उघडतच नाहीत. मंचावर त्याला सगळं ऐकू येतं, प्रेक्षकांना काहीच नाही, किंवा मधूनमधून तुटक ठोके. प्रेक्षकांना वाटतं की सोलो रेंगाळला. म्हणून ध्वनियोजकाला आधी सांगावं लागतं की इतक्या बारनंतर हळू भाग आहे: सोलो सुरू होताच गेटची पातळी खाली आणा किंवा गेट काढून टाका, आणि डोक्यावरचे ओव्हरहेड मायक्रोफोन थोडे वर घ्या. बँड थांबलेला असतो, त्यामुळे गिटारचा आवाज शिरण्याची भीती नसते. ध्वनितपासणीत नेहमी जोरात वाजवून दाखवतात. हा हळू भागही तिथे वाजवून दाखवला पाहिजे.

पुढच्या चोवीस बारमध्ये चढण. इथे आवाज आणि दाटी दोन्ही एकदम वाढवायची नसतात. आठ बार मात्रेला दोन ठोके, आठ बार चार, आठ बार सहा. 120 च्या लयीत मात्रेला चार म्हणजे सेकंदाला आठ ठोके, प्रत्येक हाताला चार. शिकलेला हात हे बराच वेळ करू शकतो. मात्रेला सहा म्हणजे सेकंदाला बारा, प्रत्येक हाताला सहा. हे आठ बार, म्हणजे सोळा सेकंद टिकवायला मनगट सैल लागतं. घाबरलेला ड्रमर काठी आवळून धरतो, पुढचा हात दगड होतो आणि ठोके असमान पडायला लागतात. ऐकणाऱ्याला त्याचं कारण कळत नाही, पण चढण मध्येच बसली हे कळतं. दमायला लागलो तर सहाचे ठोके चारच बार ठेवून उरलेले चार बार हात-हात-पाय अशा तिगोट्यांना देणं जास्त शहाणपणाचं. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनम याचे प्रसिद्ध तिगोटे असेच आहेत, दोन ठोके हातांचे आणि तिसरा बेस ड्रमचा. पायाचा ठोका खोल असल्यामुळे ते कमी कष्टात जास्त मोठे ऐकू येतात.

सभागृह मोठं असेल तर या चढणीचा हिशोब बदलतो. मोठ्या बंदिस्त रिंगणात आवाज विरायला दोन सेकंद सहज लागतात, खालचे सूर तर आणखी रेंगाळतात. सेकंदाला बारा ठोके फ्लोअर टॉमवर पडले, तर मागच्या रांगेला ठोके ऐकूच येत नाहीत, एक गडगडाट येतो. तिथे वेग स्नेअरवर ठेवायचा आणि टॉमवर कमी, मोकळे ठोके द्यायचे. लहान सभागृहात उलटं. तिथे टॉम स्वच्छ ऐकू येतात आणि झांजा कान फोडतात.

मग बारा बार शिखर: राखून ठेवलेले क्रॅश, दोन्ही पाय, सगळा ड्रमसेट. आणि त्यातले शेवटचे दोन बार हात पूर्ण बंद. फक्त हाय-हॅटचा पाय, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. इतक्या आवाजानंतर तो एवढासा टिक-टिक सगळ्या सभागृहाला ऐकू येतो, आणि बहुधा इथेच गर्दी टाळ्यांनी ताल धरते.

या टाळ्या सुखद असतात आणि धोकादायकही. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. शंभर मीटर मागच्या माणसाला ड्रम सुमारे तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, त्याची टाळी मंचाकडे यायला आणखी तेवढाच वेळ. 120 च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मागची टाळी ड्रमरच्या कानी पडते तेव्हा पुढची मात्रा होऊन गेलेली असते. टाळ्यांच्या मागे जाणारा ड्रमर हळूहळू मंदावतो, आणि तो मंदावला की टाळ्याही मंदावतात. म्हणून या क्षणी कानात मेट्रोनोम असेल तर त्याच्याकडे, नसेल तर स्वतःच्या हाय-हॅटच्या पायाकडे लक्ष ठेवायचं आणि टाळ्या फक्त ऐकायच्या.

शेवटचे चार बार परत बोलावण्याचे. सुरुवातीचं ते छोटं वाक्य इथे पुन्हा येतं, तीनदा, आणि चौथ्या बारला बँड. लेड झेपलिनच्या ‘मोबी डिक’मध्ये या परतीची बांधणी ऐकण्यासारखी आहे. गिटार आणि बेसची एक ठोस रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, मग बोनम एकटा, मग तीच रिफ. ध्वनिमुद्रित आवृत्ती 1969 च्या दुसऱ्या अल्बमवर चार मिनिटांच्या आसपास आहे; मंचावर तीच रचना पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जात असे आणि बोनम मधल्या भागात काठ्या टाकून नुसत्या हातांनी टॉम आणि स्नेअर वाजवत असे. एवढ्या लांबीला ऐकणाऱ्याच्या कानात ती रिफ आधीपासून बसलेली असते, हाच मोठा आधार. माणसं ती परत येण्याची वाट पाहत असतात, आणि ती आली की सगळं गाणं एकदम पुन्हा उभं राहतं. पर्टनेही उशिरा का होईना लांबीचा विचार बदलला: 2012 ला सुरू झालेल्या ‘क्लॉकवर्क एंजल्स’ दौऱ्यात त्याने एका लांब सोलोऐवजी कार्यक्रमात तीन छोटे सोलो विखरून टाकले.

परतीत चूक झाली तर ती सगळ्यांना दिसते, म्हणून ती आधी ठरवून ठेवावी लागते. इशारा एकच असावा आणि सोलोत इतर कुठेही न येणारा. रोलनंतर क्रॅश हा इशारा वाईट, कारण प्रत्येक सोलोत रोलनंतर क्रॅश दहा वेळा येतो आणि विंगेतला बेसवाला त्यातल्या तिसऱ्यावर धावत मंचावर येतो. ते छोटं वाक्य तीन वेळा, हा इशारा चुकत नाही. वादकांनी त्याआधी वाद्यं गळ्यात अडकवून आपापल्या जागी उभं असायला हवं, म्हणजे शिखर सुरू झालं की मंचावर यायला लागायचं. त्यांना येताना पाहून गर्दीलाही परतीची चाहूल लागते.

आणि लय. चढणीत उत्साहाने ड्रमर जवळजवळ नेहमीच थोडा वर जातो, 120 चे 126 किंवा 128 होतात. ते फार बिघडवणारं नाही, पण बँड परतताना आठवणीतल्या 120 ने वाजवायला गेला तर पहिला बार तुटतो. शेवटच्या चार बारमध्ये बेसवाल्याने ड्रमरच्या हातांकडे बघू नये, त्याच्या डाव्या पायाकडे बघावं. हाय-हॅट ज्या लयीत मिटतोय तीच खरी लय. रिफ त्या लयीत सुरू करायची, आणि गाणं मूळ लयीवर आणायचं असेल तर ते गायक परत गायला लागेपर्यंतच्या आठ बारमध्ये, हळूहळू.